आबेलचा सिद्धांत की उरलेलं पद: घातश्रेणीचं पदवार समाकलन करताना कोणता मार्ग घ्यावा

१ − १/४ + १/७ − १/१० + … ही श्रेणी समोर आली, की 1/(3k+1) म्हणजे ० ते १ मधलं x^(3k) चं समाकलन हे लगेच दिसतं. मग बेरीज ∫₀¹ dx/(1+x³) असणार असं वाटतं, आणि तसंच आहे. प्रश्न उरतो तो पुराव्याचा. 1 − x³ + x⁶ − … ही श्रेणी x = 1 ला अभिसारी नाही, तिथे तिची पदं 1, −1, 1, −1 अशी हलत राहतात. पदवार समाकलन बिनधोक चालतं ते ० ते t पर्यंत, t < 1 असताना. म्हणजे खरी अडचण शेवटच्या टोकाला आहे, आणि ती ओलांडायच्या दोन वाटा आहेत.

पहिली वाट आबेलची, १८२६ सालची. t < 1 साठी समाकलन करायचं, मग t ला १ कडे न्यायचं. समाकलनानंतरची घातश्रेणी t = 1 ला अभिसारी असेल, तर तिची बेरीज म्हणजे हीच सीमा. आपल्या श्रेणीत पदांची चिन्हं आलटून पालटून येतात आणि आकार घटत शून्याकडे जातो. त्यामुळे अभिसरण लायब्निट्झच्या कसोटीवर एका ओळीत मिळतं.

दुसऱ्या वाटेत अनंत श्रेणी येतच नाही. भूमितीय श्रेढीची n पदं घेऊन उरलेलं तसंच लिहायचं:

```
1/(1+x³) = 1 − x³ + … + (−1)^(n−1) x^(3n−3) + (−1)^n x^(3n)/(1+x³)
```

ही साधी बीजगणितातली समता आहे, x = 1 लाही खरी. दोन्ही बाजूंचं ० ते १ समाकलन केलं, की त्रुटीचा आकार ∫₀¹ x^(3n) dx = 1/(3n+1) पेक्षा लहान राहतो. सिद्धता संपली, आणि त्रुटीची मर्यादाही हाती आली.

समाकलन दोन्हीकडे सारखंच. 1/(1+x³) चे आंशिक अपूर्णांक (1/3)·1/(1+x) आणि (1/3)·(2−x)/(x²−x+1). दुसऱ्यातला लॉगचा भाग शून्य होतो, कारण x²−x+1 ची किंमत ० ला आणि १ ला १ च आहे. उरतं ते π/√3. बेरीज (ln 2 + π/√3)/3, म्हणजे ०.८३५६४९.

पडताळा जरूर करा. पहिल्या चार पदांची बेरीज ०.७९२८५७, पाचांची ०.८६९७८०, दोन्हींची सरासरी ०.८३१३ येते. नुसत्या बेरजेवर विसंबलात तर त्रुटीची वरची मर्यादा ०.०००५ च्या आत आणायलाच साडेसहाशेहून जास्त पदं लागतील.

मग निवड कशी करायची? छेदात 1 + x^m असेल, तर उरलेलं पद घ्या. मोठ्या सिद्धांताचा आधार लागत नाही. 1/√(1+x²) सारख्या फलनात, जिथे सहगुणक C(2k,k)/4^k असे येतात, उरलेलं पद नीट हाती येत नाही. तिथे आबेलच सोयीचा, आणि C(2k,k)(−1)^k/(4^k(2k+1)) ची बेरीज ln(1+√2) मिळते.

आबेलची अट मात्र विसरू नका. 1/(1+x)² = 1 − 2x + 3x² − … चं समाकलन ० ते १ मध्ये १/२ येतं. पदवार केलं, तर 1 − 1 + 1 − … उरते, आणि ती अपसारी आहे. सीमा अस्तित्वात असली म्हणून श्रेणीला बेरीज असतेच असं नाही. अभिसरण आधी वेगळं सिद्ध करावं लागतं.

याहून फसवी चूक पदांच्या क्रमाची. 1 + 1/3 − 1/2 + 1/5 + 1/7 − 1/4 + … ही श्रेणी घ्या. प्रत्येक 1/m ला x^m जोडलं, तर x < 1 साठी बेरीज ln(1+x) येते आणि x → 1 ला ln 2. हे उत्तर चूक आहे. घातांक १, ३, २, ५, ७, ४ असे मागेपुढे होतात. x < 1 असताना ते वाढत्या क्रमात लावता येतात, पण मग तयार होते ती दुसरीच श्रेणी, आणि आबेलचा सिद्धांत तिच्याबद्दल बोलतो. घातांक दिलेल्या क्रमातच वाढते ठेवा: 1/(4k+1) ला x^(4k+1), 1/(4k+3) ला x^(4k+3), आणि −1/(2k+2) ला x^(4k+4). आता बेरीज ½ ln[(1+x)²(1+x²)] येते, आणि x → 1 ला (3/2) ln 2, म्हणजे सुमारे १.०३९७. खरी बेरीज हीच. शंका आली की घातांकांची रांग एकदा डोळ्यांखालून घाला.

पद्धतीची शेवटची मर्यादा समाकलनाचीच आहे. Σ 1/n² साठी ∫₀¹ −ln(1−x)/x dx मिळतं, पण त्याचं अनिश्चित समाकलन प्राथमिक फलनांत लिहिता येत नाही. π²/6 मिळवायला दुसरं साधन लागतं, फूरिये श्रेणी किंवा ऑयलरचा sin x चा गुणाकार.