‘रिफंडसाठी व्हॉल्ट रिकामा करा’ म्हणाला आणि सगळे पासवर्ड घेऊन गेला

ही फसवणूक माझ्या मोठ्या भावाची झाली. दादाची परवानगी घेऊन सविस्तर लिहितोय, कारण यात पैशांपेक्षा मोठं नुकसान एका फाइलमुळे झालं आणि त्या फाइलबद्दल फार कमी लोकांना माहिती असते.

सगळे पासवर्ड एका कुलूपबंद तिजोरीत, म्हणजे व्हॉल्टमध्ये, ठेवणाऱ्या पासवर्ड मॅनेजरचा वार्षिक प्लॅन दादाला पुढे चालू ठेवायचा नव्हता. कार्डावरून नूतनीकरणाचे पैसे कापले जाणार असल्याचा बँकेचा मेसेज आला. असा मेसेज किमान २४ तास आधी येतो आणि तो व्यवहार थांबवायची सोयही बँकेला द्यावी लागते. पण दादाने कंपनीचा कस्टमर केअर नंबर इंटरनेटवर शोधला. जो मिळाला तो भामट्याचा होता. “सर, प्लॅन बंद होतोय, आज रात्री व्हॉल्ट लॉक होईल. रिफंड हवा असेल तर आधी तो रिकामा करावा लागेल,” असं सांगून त्याने स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला लावलं. मग दादाकडूनच व्हॉल्ट उघडणारा मास्टर पासवर्ड टाकून घेतला आणि सगळा डेटा सीएसव्ही फाइलमध्ये एक्सपोर्ट करवला. ती फाइल त्याने त्याच अ‍ॅपमधून स्वतःकडे ओढून घेतली.

सीएसव्ही म्हणजे साधा मजकूर, कुठलंही कुलूप नसलेला. बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरच्या सीएसव्हीमध्ये, उदाहरणार्थ, हे रकाने असतात:

```
name,notes,login_uri,login_username,login_password,login_totp
```

हे त्यातले काहीच, पण शेवटचा नीट बघा. दर ३० सेकंदांनी बदलणारे सहा आकडी कोड ज्या गुप्त किल्लीतून तयार होतात, ती किल्ली तिथे असते. दादाने ते कोडही व्हॉल्टमध्येच ठेवले होते, म्हणजे पासवर्ड आणि दुसरी पडताळणी दोन्ही एकाच फाइलमधून गेली. बॅकअप कोड नोट्समध्ये होते, तेही गेले.

त्या रात्री चोर दादाच्या ईमेलमध्ये शिरला. खरेदीच्या साइटकडून येणारी पत्रं थेट कचऱ्यात जातील असा फिल्टर त्याने लावला आणि तिथल्या वॉलेटमधल्या पैशांची गिफ्ट कार्डं घेतली. बँक खातं वाचलं, कारण तिथला ओटीपी फोनवर येत होता.

मला कळलं तेव्हा दादा मास्टर पासवर्ड बदलत बसला होता. त्याने काहीच साधत नव्हतं, फाइल तर आधीच बाहेर गेलेली. आम्ही इंटरनेट तोडलं, ते अ‍ॅप काढलं आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून ईमेलपासून सुरुवात केली: नवा पासवर्ड, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट, फिल्टर आणि फॉरवर्डिंगची तपासणी. ते सहा आकडी कोड देणारा ऑथेंटिकेटर बंद करून नव्याने जोडला, कारण नुसता पासवर्ड बदलला तर जुनी किल्ली चोराकडे चालूच राहते. बॅकअप कोडही नवे काढले. मग बँक, शेअर, खरेदी, सोशल मीडिया याच क्रमाने गेलो. १९३० वर फोन करून तक्रार नोंदवली. असा फोन लगेच करावा, पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.

खरं तर घाईची गरजच नव्हती. प्लॅन बंद करायचा तर जिथून घेतला तिथूनच ऑटो-रिन्यू थांबवायचं. प्ले स्टोअरमधून घेतला असेल तर तिथे, कारण अ‍ॅप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. साधारणपणे भरलेली मुदत संपेपर्यंत प्लॅन चालतो. तेवढ्या काळात एक्सपोर्ट शांतपणे करता येतो.

एक्सपोर्टला सीएसव्हीऐवजी पासवर्डने बंद होणारा प्रकार निवडा. बिटवॉर्डनमध्ये एन्क्रिप्टेड फाइलचे दोन प्रकार आहेत. Account restricted प्रकारची फाइल त्याच खात्यात परत उघडते, खातं डिलीट केलं की ती निरुपयोगी. सोडून जाणाऱ्याला Password protected हवी. नवीन ठिकाणी सीएसव्हीशिवाय घेत नसतील, तर आधी बघा की डाउनलोड फोल्डर क्लाउडला जोडलेला नाही ना. काम झालं की फाइल पुसा, रिसायकल बिनही रिकामा करा. व्हॉल्टमधल्या नोंदींना जोडलेल्या फाइली बहुधा सीएसव्हीत येत नाहीत, त्या वेगळ्या उतरवा. पासवर्डऐवजी वापरल्या जाणाऱ्या पासकीचंही तसंच, त्या त्या साइटवर जाऊन नवीन ठिकाणी नवी पासकी तयार करावी लागते.

उरतात साठलेली लॉगिन्स. व्हॉल्टमधून नोंद पुसली तरी त्या साइटवरचं खातं तसंच राहतं. म्हणून वापरात नसलेल्या, पण पत्ता किंवा कार्ड साठवलेल्या साइटवर लॉगिन करून खातं बंद करायचं आणि मगच नोंद पुसायची. दादाच्या यादीत अशा बऱ्याच निघाल्या, त्यात एक बंद पडलेल्या मोबाइल नंबरवर चालणारी विमा साइटही होती. तिथला नंबर आधी बदलून घेतला. जुन्या पासवर्ड मॅनेजरचं खातं मात्र अजून डिलीट केलेलं नाही. नव्या व्हॉल्टमधून प्रत्येक महत्त्वाचं लॉगिन एकदा उघडून झालं, की ते करणार आहोत.