मॉड्यूल बदलल्याचे पैसे घेतले, पण मॉड्यूल जुनाच

गेममध्ये उभी असताना अंगठा काढून घेतला की कॅमेरा हळूहळू उजवीकडे फिरायला लागायचा. उजवी स्टिक आपोआप सरकत होती. आधी वाटलं धूळ असेल. स्टिकच्या बुंध्याशी हवा मारली, स्टिक गोल गोल फिरवली, दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. शेवटी ओळखीच्या एकाने सुचवलेल्या दुरुस्तीवाल्याकडे कंट्रोलर दिला. त्याने स्टिक दोनदा हलवून पाहिली आणि म्हणाला, "मॉड्यूल गेलाय, नवीन टाकावा लागेल." मी हो म्हटलं. त्याने सांगितलेले पैसे नव्या कंट्रोलरच्या जवळजवळ निम्मे होते.

दोन दिवसांनी आणायला गेले तेव्हा त्याने त्याच्या कंप्युटरवर कंट्रोलर लावून दाखवला. पडद्यावर चौकोन, चौकोनात अधिकचं चिन्ह, बरोबर मधोमध. त्याने स्टिक अलगद डावीकडे नेली, अलगद सोडली, चिन्ह मधोमध परत आलं. मी पैसे दिले. तिथे मी काय पाहायला हवं होतं, ते मला अकराव्या दिवशी कळलं. त्या दिवशी कॅमेरा पुन्हा फिरायला लागला होता.

परत नेला तर उत्तर मिळालं, "मॉड्यूल नवीनच आहे, हा सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम. नाहीतर तुमच्या हातून पडला असेल." पडला नव्हता. तरीही मी त्याच्याशी वाद घालू शकले नाही, कारण माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. दुरुस्तीआधीचा एक आकडा नाही, आतला एक फोटो नाही. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

माझा मामेभाऊ सर्किट बोर्डांचं काम करतो. दादाने कंट्रोलर लगेच उघडला नाही. तो म्हणाला, "आधी मोजू." कंट्रोलर केबलने कंप्युटरला लावला, ब्राउझरमध्ये https ने सुरू होणारं एक साधं पान उघडलं, कंट्रोलरचं एक बटण दाबलं (त्याशिवाय ब्राउझरला तो दिसत नाही) आणि ब्राउझरच्याच डेव्हलपर कन्सोलमध्ये हे टाकलं:

```
setInterval(() => {
  const g = navigator.getGamepads()[0];
  if (g) console.log(g.axes.map(a => a.toFixed(3)));
}, 300);
```

चार आकडे येत राहतात. बहुतेक कंट्रोलरमध्ये पहिले दोन डाव्या स्टिकचे असतात आणि पुढचे दोन उजव्या स्टिकचे, आधी आडवा आणि मग उभा. स्टिक पूर्ण डावीकडे नेली की −1, पूर्ण उजवीकडे 1, आणि मोकळी सोडली की शून्याच्या आसपास. अगदी शून्य नवीन कंट्रोलरमध्येही क्वचितच येतो. माझी डावी स्टिक, जी नीट चालत होती, ती 0.01 ते 0.03 च्या मधे कुठेतरी थांबायची.

मग दादाने उजवी स्टिक टोकापर्यंत नेऊन झटकन सोडली. उजवीकडून सोडली तेव्हा ती 0.075 वर थांबली. डावीकडून सोडली तेव्हा −0.073 वर. असं दहा वेळा केलं, वेगवेगळ्या दिशांनी, आणि दर वेळी थांबण्याची जागा बदलत होती. टोकाच्या दोन जागांमधलं अंतर सुमारे 0.15 निघालं. आकडे पाहून तो म्हणाला, "हा मॉड्यूल नवीन नाही. कॅलिब्रेशन मात्र कुणीतरी मन लावून केलंय."

हे त्याला कसं कळलं, हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. ड्रिफ्ट दोन तऱ्हेचा असतो. एकात स्टिक दर वेळी एकाच चुकीच्या जागी थांबते, समजा नेहमी 0.08 वर. म्हणजे मध्यबिंदू सरकलेला आहे. कॅलिब्रेशन असं सरकणं पूर्ण घालवू शकतं, कारण कंट्रोलर प्रत्येक वाचनातून तेवढा आकडा वजा करायला लागतो. दुसऱ्यात स्टिक दर वेळी वेगळ्या जागी थांबते. इथे वजा करायला एक आकडाच नसतो. माझ्या स्टिकचं वाचन मुळात −0.02 ते 0.13 असं विखुरलेलं असणार. त्यांचा मध्य 0.055 काढून वजा केला की उरतात −0.075 ते 0.075. पसारा तेवढाच राहिला, फक्त शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखा वाटला गेला. माझ्या गेममधला डेडझोन 5 टक्के होता, म्हणजे 0.05 पर्यंतची हालचाल गेम मोजतच नव्हता. 0.075 त्याच्या बाहेर, म्हणून कॅमेरा आता कधी उजवीकडे जायचा तर कधी डावीकडे. दुरुस्तीआधी तो फक्त उजवीकडे जात असे. हा फरक मला आधीच दिसला होता, पण त्याचा अर्थ लागला नव्हता.

त्याच्या कंप्युटरवर चिन्ह मधोमध का आलं, तेही इथेच स्पष्ट होतं. त्याने स्टिक अलगद नेली आणि अंगठ्याने धरूनच परत आणली. झटकून सोडली असती तर पसारा दिसला असता. विंडोजमध्ये joy.cpl ने उघडणाऱ्या खिडकीत केलेलं कॅलिब्रेशन तर त्या कंप्युटरपुरतंच राहतं, कंट्रोलरबरोबर घरी येत नाही. काही कंट्रोलरमध्ये कॅलिब्रेशन आतल्या मेमरीत लिहिता येतं आणि ते सोबत येतं. माझ्यात तसंच केलं होतं.

मग कंट्रोलर उघडला. स्टिकचा मॉड्यूल बोर्डावर चौदा पायांनी बसवलेला असतो: आडव्या आणि उभ्या दिशेच्या पोटेन्शिओमीटरचे तीन-तीन, स्टिक दाबल्यावर चालणाऱ्या बटणाचे चार आणि पत्र्याच्या चौकटीचे चार. मॉड्यूल बदलायचा तर हे चौदाही पाय बोर्डामागून सोडवावे लागतात. हाताने सोल्डर केलं की खूण राहतेच. थेंबांचे आकार कमीजास्त होतात, फ्लक्सचा पिवळसर चिकट थर राहतो किंवा तो पुसल्यावर आजूबाजूचा भाग जास्तच स्वच्छ दिसतो. दादाने मोठ्या भिंगाखाली बोर्ड धरला. उजव्या मॉड्यूलचे चौदा आणि डाव्याचे चौदा, अठ्ठावीस थेंब एकसारखे होते. डाव्याला कुणी हात लावल्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे उजव्यालाही लावलेला नव्हता.

आत जे केलं होतं ते वासावरून आणि तेलकटपणावरून कळलं. मॉड्यूलच्या दोन्ही बाजूंना कॉन्टॅक्ट क्लीनर फवारला होता, आणि पुसायचेही कष्ट घेतले नव्हते. दादाने पोटेन्शिओमीटरचं बाजूचं हिरवं झाकण खटक्यातून काढून दाखवलं. आत कार्बनचा काळा पट्टा असतो आणि त्यावरून धातूची बारीक पाती सरकते. पाती पट्ट्यावर कुठे टेकली आहे, त्यावरून व्होल्टेज ठरतं आणि व्होल्टेजवरून स्टिकची जागा. खेळताना स्टिक सगळ्यात जास्त वेळ मध्याच्या आसपासच थोडीथोडी हलत असते, म्हणून पट्टा तिथेच झिजतो. माझ्या पट्ट्यावर मधोमध चकचकीत चर पडली होती आणि कडेला काळी भुकटी तेलात कालवल्यासारखी साठली होती. मी ज्याला धूळ समजत होते त्यातली बरीचशी बाहेरून आलेलीच नव्हती. ती पट्ट्याचीच झीज होती.

क्लीनरने ही भुकटी बाजूला सरकते आणि पाती काही दिवस नीट टेकते. मला अकरा दिवस मिळाले ते यामुळे. पण झिजलेला कार्बन कुठलाही फवारा भरून काढत नाही. खरंच बाहेरची धूळ असेल तर सफाईचा उपयोग होतो आणि ती करून पाहावीच: कंट्रोलर बंद करून, 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल अगदी थोडं, स्टिक फिरवत, आणि पूर्ण वाळल्याशिवाय चालू न करता. त्यानंतर झटकून सोडण्याची चाचणी पुन्हा करा. पसारा आटला आणि महिनाभर तसाच राहिला तर धूळच होती. चारआठ दिवसांत परत आला तर पट्टा गेला आहे.

मॉड्यूल शेवटी दादानेच बदलला. त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला तो जमिनीच्या पायांना, म्हणजे ग्राउंडला जोडलेल्या पायांना. तिथलं तांबं उष्णता ओढून घेतं आणि सोल्डर वितळतच नाही. घाईत मॉड्यूल ओढला तर भोकातली तांब्याची नळीच उपटून येते आणि बोर्ड जातो. त्याने प्रत्येक पायावर कमी तापमानाला वितळणारं सोल्डर मिसळलं, मग ते तांब्याच्या विणलेल्या पट्टीने टिपून घेतलं. नवा मॉड्यूल आधी एका पायावर अडकवून तो बोर्डाला सपाट बसलाय का ते पाहिलं आणि मगच बाकीचे तेरा. या वेळी त्याने चुंबकावर चालणारा हॉल सेन्सरचा मॉड्यूल लावला. त्यात पातीही नाही आणि पट्टाही नाही, त्यामुळे हा प्रकार त्यात घडत नाही. ही कल्पना नवी नाही, 1998 च्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्येही असाच सेन्सर होता. कंट्रोलर जोडून चालू केला तर वाचन 0.09, आणि माझ्या पोटात गोळा आला. पण दहा वेळा झटकूनही ते 0.09 च्या आसपासच राहिलं. जुनं कॅलिब्रेशन जुन्या मॉड्यूलचं होतं, एवढंच. मॉड्यूल बदलल्यावर कॅलिब्रेशन करावंच लागतं. ते केल्यावर वाचन 0.01 च्या आत आलं.

आता मी कुणालाही सांगते, कंट्रोलर देण्याआधी झटकून सोडण्याची चाचणी मोबाइलवर चित्रित करून ठेवा. मॉड्यूल बदलणार असतील तर जुना मॉड्यूल परत हवा, हे आधीच बोला. काढलेला मॉड्यूल द्यायला कुणालाच काही अडचण नसते, तो कचराच असतो. आणि पैसे देण्याआधी स्टिक तुमच्या हाताने झटका, त्यांच्या नाही.

भिंगाखालचे फोटो घेऊन मी दुरुस्तीवाल्याकडे पुन्हा गेले. त्याने ते नीट पाहिले, "मुलाने काम केलं होतं, मला माहीत नाही" म्हणाला, आणि निम्मे पैसे परत दिले. बाकीचे सफाईचे म्हणून ठेवून घेतले. ज्याने मला तिथे पाठवलं होतं त्यालाही मी फोटो दाखवले. त्याने दोन वर्षांपूर्वी तिथूनच "डावा मॉड्यूल बदलून" घेतला होता. रविवारी तो स्वतःचा कंट्रोलर घेऊन दादाकडे आला. आम्ही उघडला. अठ्ठावीस थेंब, सगळे एकसारखे.