स्ट्रक्चर्ड टेक्स्ट की फंक्शन ब्लॉक डायग्राम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आयईसी ६११३१-३ या मानकाने १९९३ साली पीएलसीसाठी पाच भाषा ठरवून दिल्या: लॅडर, फंक्शन ब्लॉक डायग्राम, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट, इन्स्ट्रक्शन लिस्ट आणि सिक्वेन्शियल फंक्शन चार्ट. त्यांपैकी इन्स्ट्रक्शन लिस्ट २०१३ च्या आवृत्तीत कालबाह्य ठरवली गेली, त्यामुळे तिचा विचार आम्ही केलाच नाही. लॅडरवर आमचे देखभाल कर्मचारी वर्षानुवर्षे काम करत आहेत. पंपांच्या नव्या कामासाठी प्रश्न उरला तो स्ट्रक्चर्ड टेक्स्ट आणि फंक्शन ब्लॉक डायग्राम या दोघांचाच, आणि टायपिंगचा वेग पाहून मी सगळेच स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये लिहिले.

पंप चालू असताना सलग पाच सेकंद प्रवाह नसेल तर तो बंद व्हावा, यासाठी मी असे लिहिले होते:

```
IF PumpOn THEN
  DryRun(IN := NOT FlowOK, PT := T#5s);
END_IF;
```

वाचायला हे निर्दोष वाटते. मात्र महिन्यातून एक-दोनदा पंप सुरू होताक्षणीच ट्रिप होई, आणि प्रवाहाचा स्विच तपासला तर तो ठीक निघे. शेवटी ऑनलाइन मॉनिटरिंग लावून बसलो, तेव्हा पंप बंद असतानाही टायमरचा `ET` दोन सेकंदांवर गोठलेला दिसला आणि पंप सुरू करताच एकाच स्कॅनमध्ये तो थेट पाचवर गेला. प्रवाह येण्याआधीच ऑपरेटरने पंप थांबवला होता. `IF` ची अट खोटी झाल्यामुळे टायमर पुढे कॉलच झाला नाही, म्हणून तो रीसेटही झाला नाही. आणि आमचा कंट्रोलर सुरुवातीची वेळ साठवून फरक मोजत असल्याने मधली दहा मिनिटेही त्याने हिशेबात धरली. दुरुस्ती एका ओळीची होती:

```
DryRun(IN := PumpOn AND NOT FlowOK, PT := T#5s);
```

फंक्शन ब्लॉक डायग्राममध्ये ही चूक सहसा होत नाही, कारण पानावर मांडलेला ब्लॉक प्रत्येक स्कॅनला चालतो; तेथे पंपाची अट `EN` ला जोडली, तर मात्र हाच सापळा पुन्हा तयार होतो.

त्यानंतर इंटरलॉक, टायमर आणि पीआयडी मी फंक्शन ब्लॉक डायग्राममध्ये हलवले. कोणत्या अटीने पंप अडवला आहे, हे रात्रपाळीच्या तंत्रज्ञाला रेषेच्या रंगावरून कळते, मला फोन करावा लागत नाही. एक त्रास मात्र आहे: आउटपुट मागे वळवून इनपुटला जोडला की कोणता ब्लॉक आधी चालणार, हे चित्रावरून उमगत नाही, त्यासाठी ब्लॉकवरचा क्रमांक पाहावा लागतो. सोळा सेन्सरांची सरासरी मात्र पुन्हा स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्येच ठेवली आहे; चार ओळींच्या `FOR` लूपचे काम ब्लॉकमध्ये मांडायचे तर अख्खे पान भरते, आणि दोन आवृत्त्यांमध्ये नेमके काय बदलले हे मजकुरात लगेच सापडते. ती सरासरी एका फंक्शन ब्लॉकमध्ये बंद करून चित्रात ठेवली आहे, त्यामुळे तंत्रज्ञाला तिचा फक्त आउटपुट दिसतो.