आधी सगळा अभ्यासक्रम, की फेऱ्यांवर फेऱ्या? गट-ब पूर्वच्या वर्षभराच्या दोन आखण्या

एमपीएससीच्या गट-ब संयुक्त पूर्व परीक्षेत 100 प्रश्न सोडवायला 60 मिनिटं मिळतात आणि प्रत्येक चुकीला पाव गुण जातो. हाताशी वर्ष असेल, तर सांगली-साताऱ्याच्या अभ्यासिकांमध्ये दोन प्रकारच्या आखण्या चालतात. पहिलीत आठ महिने एकेक विषय मुळापासून संपवायचा आणि उरलेले चार महिने रिव्हिजन व टेस्ट सिरीज. दुसरीत सगळा अभ्यासक्रम पाच फेऱ्यांत फिरवायचा. पहिली फेरी साधारण पाच महिन्यांची, पुढच्या तीन, दोन आणि एका महिन्याच्या, शेवटची तीन आठवड्यांची.

पहिली आखणी मनाला बरी वाटते. विषय संपल्याचं समाधान मिळतं, वहीही भरते. पण विसरणं कसं होतं ते आपल्याच कृष्णेवरून बघा. भूगोलाच्या पुस्तकात कृष्णेच्या उपनद्यांचं पान वाचताना सांगलीच्या मुलाला सगळं ओळखीचं वाटतं. वारणेचा संगम तर हरिपूरला, गावाशेजारीच. तेच पान मिटून कोऱ्या कागदावर उगमाकडून क्रम लिहायला सांगा. माहुलीला वेण्णा, कराडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा, हरिपूरला वारणा, नृसिंहवाडीला पंचगंगा. यातली येरळा बहुतेकांची निसटते. आयोग नेमकं हेच विचारतो: क्रम लावा, जोड्या लावा, चुकीचं विधान ओळखा. ओळखीचं वाटणं आणि आठवणं यांतला हा फरक पहिल्या आखणीत नवव्या महिन्यात, सगळ्या विषयांत एकदमच समोर येतो.

फेऱ्यांच्या आखणीत तो पहिल्याच महिन्यात कळतो. आज वाचलेलं उद्या सकाळी पुस्तक न उघडता कागदावर उतरवायचं, रविवारी आठवड्याचं, महिनाअखेरीस महिन्याचं. जे आठवलं नाही तेवढंच पुन्हा वाचायचं. फेरी आखूड होत जाते ती यामुळेच. प्रत्येक वेळी सगळं पुस्तक पहिल्यापासून वाचत बसलात, तर दुसरी फेरीसुद्धा पाच महिने खाईल. गणित-बुद्धिमत्ता मात्र फेऱ्यांत बसवू नका, ती रोज तासभर वेगळी ठेवा.

आता मॉक. समजा, सातव्या महिन्यात एका मुलीने 80 प्रश्न सोडवले. 52 बरोबर, 28 चूक, म्हणजे हातात 45 गुण. अभ्यासिकेत सल्ला मिळतो, "अगं, तुक्के कमी मार." तिने शंकेचे दहा सोडले आणि त्यात दोन बरोबर येणारे होते असं धरा. आता 50 बरोबर, 20 चूक. गुण पुन्हा 45च! पाचात एक बरोबर येत असेल, तर सोडणं आणि ठोकणं सारखंच. म्हणून चुकांची फोड करायला हवी. तिच्या 28 पैकी 6 प्रश्न न वाचलेल्या भागातले, 7 घाईत प्रश्न नीट न वाचल्याने गेलेले आणि 15 असे, की वाचलं होतं पण दोन पर्यायांत अडकली. खरी कमाई या पंधरांत आहे. चुकीचं उत्तर बरोबर झालं की सव्वा गुण वाढतो. दहा जरी सुधारले, तरी 45चे 57.5 होतात. फेऱ्यांच्या आखणीत हे पंधरा मुद्दे पुढच्या फेरीच्या सुरुवातीला येतात. पहिल्या आखणीत त्यांना जागाच उरलेली नसते.

म्हणून मॉक कधी द्यायचा, यापेक्षा त्यानंतर किती वेळ द्यायचा हे महत्त्वाचं. तासाच्या पेपरला फोड करायला किमान तीन तास ठेवा. पहिल्या फेरीत फक्त घटकाच्या चाचण्या आणि आयोगाचे जुने प्रश्न पुरेत. पूर्ण पेपर दुसऱ्या फेरीपासून पंधरा दिवसांनी एक, चौथ्या फेरीत आठवड्याला एक. तोच पेपर पुन्हा देऊन वाढलेल्या गुणांवर विश्वास ठेवू नका, तिथे प्रश्न पाठ झालेले असतात.

पहिली आखणी कुणाला चालेल? ज्याला विषयाची काहीच पार्श्वभूमी नाही आणि पूर्ण दिवस मोकळा आहे, त्याला अर्थशास्त्र, राज्यघटना यांसाठी सलग दोन महिने उपयोगी पडतात. त्यानेही रविवारचा कोरा कागद सोडू नये. नोकरी किंवा दुकान सांभाळून चार-पाच तास काढणाऱ्याने मात्र फेऱ्याच धराव्यात. आठ महिन्यांचं वाचन त्याचं दहापर्यंत लांबतं आणि मॉक राहून जातात.

तारखेचाही विचार करा. 25 ऑगस्ट 2024 ला ठरलेली राज्यसेवा पूर्व अखेर 1 डिसेंबरला झाली. अशी तारीख सरकली, की फेऱ्यांवाल्याने चौथी आणि पाचवी फेरी तशीच पुन्हा लावायची आणि रोजचे तास बदलायचे नाहीत.