एका खुर्चीच्या दवाखान्यासाठी रिकॉल: कार्डपेटी, शीट की सॉफ्टवेअर?

एक डॉक्टर, एक खुर्ची आणि काउंटरवर एक मदतनीस, एवढ्यावर चालणाऱ्या दातांच्या दवाखान्यात चुकलेल्या अपॉइंटमेंट दोन तऱ्हेच्या असतात. एक म्हणजे वेळ दिलेला पेशंट येत नाही. दुसरी म्हणजे ज्याने यायला हवं होतं त्याला पुढची वेळच दिलेली नसते. पहिली लगेच लक्षात येते, कारण खुर्ची रिकामी दिसते. दुसरी दिसतच नाही, आणि नुकसान बहुधा तिच्यातच जास्त होतं. रिकॉल म्हणजे पेशंटला वेळेवर पुन्हा बोलावणं; त्यासाठीच्या कार्डपेटी, गुगल शीट आणि सॉफ्टवेअर या तीन पर्यायांची तुलना मी मुख्यतः या दुसऱ्या प्रकारावर करतो आहे. फोटो, बिलं, एक्स-रे यांत सॉफ्टवेअर पुढे आहे, त्याबद्दल वाद नाही.

एक उदाहरण घेऊ. शिंदे काकूंच्या खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनल सुरू झालं. सोमवारी पहिली सिटिंग, आत औषध, वर तात्पुरतं फिलिंग. पुढची वेळ गुरुवारी अकराची. बुधवारी संध्याकाळी काकूंचा फोन येतो: "दुखायचं थांबलंय, घरी पाहुणे आहेत, पुढच्या आठवड्यात मीच फोन करते." रूट कॅनलमध्ये पेशंट मधेच गळतात ते बहुतेक इथेच, कारण दुखणं थांबलं की काम झालं असं वाटतं. तात्पुरतं फिलिंग मात्र काही दिवस ते काही आठवड्यांपुरतंच असतं. ते झिजलं की लाळ आत झिरपते, पुन्हा जंतुसंसर्ग होतो आणि आतून पोखरलेली दाढ एखाद्या सुपारीनेही फुटते. फूट मुळापर्यंत गेली तर दाढ काढावी लागते.

सॉफ्टवेअरमध्ये काउंटरवरून गुरुवारची वेळ रद्द होते. आठवणीचा मेसेज त्या वेळेला बांधलेला असतो, त्यामुळे तोही रद्द होतो. कॅलेंडर स्वच्छ दिसतं आणि काकू त्यावरून नाहीशा होतात. अपूर्ण उपचारांची यादी बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये काढता येते, हे खरं. पण ती कुणीतरी आठवणीने उघडावी लागते, आणि उपचाराचा आराखडा प्रत्येक वेळी पुरता भरलेला असेल तरच ती खरी असते. एकट्या डॉक्टरच्या हातून नेमकं तेवढंच राहून जातं. माझ्यासाठी निवड ठरली ती याच एका त्रासावरून.

कार्डपेटीत असं होत नाही. ५ × ३ इंचाची कार्डं, १२ महिन्यांचे कप्पे आणि चालू महिन्यासाठी १ ते ३१ तारखांचे कप्पे. काकूंचं कार्ड गुरुवारच्या कप्प्यातून बाहेर आलं की ते कुठेतरी ठेवावंच लागतं. 'काम पूर्ण' या खणात ते जाऊ शकत नाही, म्हणून पुढच्या बुधवारच्या कप्प्यात जातं आणि त्या दिवशी आपोआप हातात येतं. पेटी फसते ती दोन ठिकाणी. फोन करायला काढलेलं कार्ड केस पेपरला टाचलं जातं आणि फायलीत गडप होतं. शिवाय कुणी फोनवर "माझी तारीख कधीची?" असं विचारलं की नावावरून कार्ड शोधता येत नाही; त्यासाठी वेगळी वही ठेवावी लागते.

गुगल शीटमध्ये पेटीचा हाच नियम घेता येतो आणि शोधाशोधही सोपी होते. Patients नावाच्या शीटमध्ये रकाने असे: A नाव, B केस नंबर, C मोबाइल, D काय चालू आहे, E शेवटची भेट, F पुढच्या संपर्काची तारीख, G स्थिती. यात F म्हणजे अपॉइंटमेंटची तारीख नव्हे. आपण या पेशंटशी पुन्हा कधी बोलायचं, ती तारीख. काकूंच्या ओळीत F मध्ये पुढचा बुधवार पडतो, मग त्यांनी फोन करो वा न करो. स्केलिंग झालेल्या पेशंटला सहा महिन्यांनंतरची तारीख, तारा लावलेल्या मुलाला चार आठवड्यांनंतरची. G मध्ये 'पूर्ण' लिहिल्याशिवाय F रिकामा ठेवायचा नाही. दुसऱ्या एका शीटवर ही दोन सूत्रं एकमेकांपासून दूरच्या रकान्यांत टाका:

```
=FILTER(Patients!A2:G, Patients!F2:F<>"", Patients!F2:F<=TODAY(), Patients!G2:G<>"पूर्ण")
=FILTER(Patients!A2:G, Patients!A2:A<>"", Patients!F2:F="", Patients!G2:G<>"पूर्ण")
```

पहिलं सूत्र आज कुणाशी बोलायचं ते सांगतं. दुसरं तारीख न टाकता सुटलेली नावं दाखवतं, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. तिथे #N/A दिसलं तर काळजी नको, कुणीही सुटलेलं नाही असाच त्याचा अर्थ. या यादीत थेट काही लिहायचं नाही. लिहिलं तर सूत्र #REF! दाखवतं. बदल नेहमी मूळ शीटमध्ये करायचे.

शीटचा खरा धोका तारखांत आहे. शीटची सेटिंग अमेरिकेची राहिली तर 05/08 टाकल्यावर ५ ऑगस्टऐवजी ८ मे नोंदला जातो, आणि 25/08 ही तारीख न राहता नुसता मजकूर बनते. मजकूर बनलेली ओळ पहिल्या यादीत कधीच येत नाही, आणि रकाना रिकामा नसल्यामुळे दुसऱ्या यादीतही येत नाही. ओळखायची खूण अशी: खरी तारीख रकान्यात उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. File → Settings → Locale मध्ये India निवडा आणि F रकान्याला Data validation लावून वैध तारखेखेरीज काहीही नाकारायला सांगा. हे पहिल्याच दिवशी करून टाकावं.

राहिला मेसेज. सॉफ्टवेअरचा एसएमएस आपोआप जातो, ही मोठी सोय. पण त्यासाठी डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर नोंदणी आणि मंजूर मजकूर लागतो, त्यात आयत्या वेळी एखादं वाक्य जोडता येत नाही. मराठी एसएमएस ७० अक्षरचिन्हांपुढे गेला की दोन धरले जातात. व्हॉट्सॲप बिझनेसवर मोकळेपणाने लिहिता येतं, फक्त ब्रॉडकास्टच्या भरवशावर राहू नका. ज्यांनी दवाखान्याचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो पोहोचत नाही. एकेकाला स्वतंत्र पाठवा, आदल्या दिवशी सकाळी, आणि उत्तर मागा: "उद्या ११ वाजता तुमची वेळ आहे. येणार असाल तर 'हो' लिहा." संध्याकाळी पाचपर्यंत 'हो' आला नाही की फोन. आपोआप गेलेल्या एकतर्फी मेसेजला उत्तर आलं नाही, हे सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही. मेसेजमध्ये उपचाराचं नाव नको, कारण नंबर पुष्कळदा मुलाचा किंवा यजमानांचा असतो. तीनदा विचारूनही प्रतिसाद नसेल तर शेवटच्या फोनची तारीख आणि काय सांगितलं ते केस पेपरवर लिहून G मध्ये 'थांबवले' टाका, आणि पहिल्या सूत्रात तीही अट जोडा. नाहीतर यादी फुगते आणि मदतनीस ती बघणं सोडते.

दोन खुर्च्या असतील, ऑर्थोडॉन्टिस्ट ठरावीक दिवशी येत असतील किंवा काउंटरवर माणसं बदलत असतील, तर सॉफ्टवेअरकडे झुकणं कदाचित योग्य ठरेल. मग विकणाऱ्याला प्रात्यक्षिकातच एक चाचणी करायला लावा: एक पेशंट घाला, त्याची रूट कॅनलची दुसरी सिटिंग रद्द करा, नवी वेळ देऊ नका, आणि तो पेशंट पुढच्या आठवड्यात कुणीही न शोधता कोणत्या स्क्रीनवर दिसेल ते विचारा. नाव, मोबाइल आणि पुढची तारीख असलेली सगळी यादी CSV मध्ये उतरवून घेता येते का, तेही तिथेच बघा. पहिल्या प्रश्नाला "रिपोर्टमध्ये जाऊन बघता येईल" असं उत्तर आलं, तर एकट्याच्या दवाखान्यात मी तरी शीटवरच राहीन, आणि सॉफ्टवेअर घेतलंच तर ते एक्स-रे आणि बिलांपुरतं.