रुपये-पैशाच्या दोन रकान्यांची तयार शीट: नऊ महिने वापरल्यावर

मागच्या ऑगस्टमध्ये तालुक्याच्या गावातल्या एका कॉम्प्युटरवाल्याकडून खतावणीची तयार एक्सेल शीट घेतली. किंमत १,२०० रुपये, शिवाय ‘वर्षाला ५०० मेंटेनन्स’. मेंटेनन्स मी दिला नाही आणि देणारही नाही, का ते पुढे येईलच. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या छोट्या दूध सोसायटीची कीर्द-खतावणी मी लिहितो. हाताने लिहिलेली पानं शेवाळलेल्या भिंतीसारखी दिसायला लागली होती, म्हणून हा उद्योग.

शीट काय करते ते सगळ्यांना माहीत आहे. एका रकान्यात १२३४.३५ अशी रक्कम टाकायची, छापील पानावर ती जुन्या वहीसारखी येते: रुपयांचा रुंद रकाना, मधे तांबडी दुहेरी रेघ, मग पैशाचा अरुंद रकाना. पहिले दोन महिने मी चार जणांना ही शीट घ्यायला सांगितलं. त्यातल्या दोघांनी घेतली. त्यांची आता क्षमा मागायची आहे.

‘पैसे कोण बघतं आता’ हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो. किराणा दुकानात नसेल कोणी बघत. चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ ला बंद झाली, आठ आण्याचं नाणं कायद्याने चालतं पण बाजारात कोणी घेत नाही. दुधाचं तसं नाही. फॅट बदलली की दर बदलतो, लिटर दशांशात असतं, म्हणून बिलात पैसे येतातच. दर दहा दिवसांनी प्रत्येक सभासदाच्या खात्यावर रक्कम जमा होते आणि वर्षाच्या शेवटी तेरजेची दोन्ही अंगं पैशाला पैसा जुळावी लागतात. ती जुळली नाहीत तर लेखापरीक्षक फरक कितीचा हे विचारत नाही, का हे विचारतो.

एप्रिलमध्ये तेरीज काढली. फरक आला. मोठा असता तर एखादी नोंद सुटली म्हणून शोधली असती. हा आला काही रुपये आणि किरकोळ पैशांचा, म्हणजे सगळ्यात वाईट प्रकार. कूलरसमोर बसून तीन दिवस एकेक पान कॅल्क्युलेटरवर मारलं. शेवटी एका पानावरच्या पाच ओळींत चोर सापडला. रकमा अशा होत्या: १२३४.३५, २६१८.६०, १८७५.०५, ३१४०.७५ आणि ८१२.३५. बेरीज ९,६८१.१०. शीटने छापलेल्या दोन रकान्यांची बेरीज येत होती ९,६८१.०७. तीन पैसे गेले कुठे? निरखून पाहिलं तर पहिल्या ओळीत पस्तीसच्या जागी ३४, दुसरीत साठच्या जागी ५९, तिसरीत पाचच्या जागी ४. चौथी आणि पाचवी ओळ बरोबर. आणि पाचवीतही पस्तीस पैसेच! म्हणजे तेच पस्तीस पैसे १,२३४ रुपयांपुढे चौतीस होतात आणि ८१२ रुपयांपुढे पस्तीसच राहतात.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “तीन पैसा कोन देखस, आप्पा?” मग म्हणाला, तुम्हीच चुकीचं टाइप केलं असेल. त्यानंतर म्हणाला, मेंटेनन्स भरा, बघून देतो. इथे माझं डोकं फिरलं. पंचवीस वर्षं हिशेब लिहितोय, पस्तीस आणि चौतीसमधला फरक मला कळतो.

सुट्टीला जळगावहून पुतण्या आला होता, त्याने शीटचं कुलूप उघडून आतलं सूत्र दाखवलं:

```
रुपये:  =INT(E5)
पैसे:   =INT((E5-INT(E5))*100)
```

वाचायला अगदी बरोबर. पूर्ण रुपये काढ, रकमेतून वजा कर, उरलं त्याला शंभराने गुण, अपूर्णांक टाकून दे. पुतण्याने बाजूच्या मोकळ्या घरात नुसतं `=E5-INT(E5)` लिहिलं आणि दशांश स्थळं पंधरापर्यंत वाढवली. उत्तर ०.३५ नव्हतंच. ते होतं ०.३४९९९९९९९९९९९०९. शंभराने गुणलं की ३४.९९९ आणि पुढे काहीतरी. त्यावर INT लावलं की उरतात ३४, कारण INT जवळचा आकडा देत नाही, खालचा देतो. तुमच्याकडे अशी शीट असेल तर हाच प्रयोग करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

म्हणजे दोष दुकानदाराच्या टायपिंगचा नाही, माझ्याही नाही. कॉम्प्युटर अपूर्णांक ठेवतो ते अर्धा, पाव, अर्धपाव, छटाक असे निम्मेनिम्मे करत. पस्तीस शतांश त्या मापांत कधीच नेमके बसत नाहीत, कुठेतरी केसभर कमी किंवा केसभर जास्त पडतात. किती पडतात ते पुढच्या रुपयांच्या आकड्यावरही ठरतं, म्हणून ८१२.३५ वाचले आणि १२३४.३५ मेले. पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर पैसे मात्र पाव-अर्धा-पाऊण असल्यामुळे नेमके बसतात. चौथी ओळ कधीच चुकणार नव्हती.

यावर मी जरा वेळ हसत बसलो. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे चौसष्ट. सोळा काय आणि चौसष्ट काय, दोन्ही निम्मेनिम्मे करूनच मिळतात. आजोबांच्या वहीतले आणे-पैसे या यंत्राने एकाही घरात चुकवले नसते. पै तेवढी फसली असती, रुपयाच्या १९२ होत्या, त्यात तिनाचा भाग येतो. शंभर सोयीचे म्हणून आणले ते माणसाला सोयीचे, यंत्राला नाही.

तर दुकानदाराबद्दलचं माझं मत अर्धं बदललं. सूत्र त्याने कुठूनतरी उचललं आणि वापरलं, तसं कोणीही वापरेल. चूक दाखवल्यावर त्याने केली ती दुरुस्ती मात्र माफ करण्यासारखी नाही. पैशाच्या सूत्रातल्या बाहेरच्या INT च्या जागी ROUND घालून पाठवलं आणि म्हणाला, झालं. चौतीसचे पस्तीस झाले, आठवडाभर मी खूश. मग एका मोठ्या गोठ्याचं सकाळचं दूध आलं, ४६.३ लिटर, दर ३४.१९. मी आता लिटर आणि दर टाकून शीटलाच गुणाकार करू देत होतो. गुणाकार १५८२.९९७. रुपयांच्या रकान्यात १५८२ आणि पैशाच्या रकान्यात १००! पैशाच्या रकान्यात शंभर मी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. रुपये आधी कापले, पैसे नंतर पूर्णांकात आणले, मग हातचा जाणार कुठे? हवे होते १५८३ रुपये ०० पैसे.

याच फेरीत त्याने दुसरा घोळ घातला. पाच पैसे रकान्यात नुसते 5 छापले जात होते. वहीत ते 05 च लागतं. बिंदू नसलेल्या रकान्यात एकट्या पाचापुढे कोणीही शून्य ओढून पन्नास करू शकतं, आणि चुकून पन्नास वाचणारे तर असतातच. म्हणून त्याने सूत्राला TEXT लावलं. दिसायला 05 सुरेख. पण TEXT ने बनलेला आकडा हा आकडा नसतो, अक्षरं असतात, आणि SUM त्यांना मोजत नाही. पूर्ण पानाच्या पैशाची बेरीज शून्य आली. खूण सांगतो: आकडे आपोआप घराच्या डाव्या कडेला चिकटलेले दिसले की ते आकडे नाहीत.

शेवटी मी आणि पुतण्याने एका दुपारी स्वतःच नीट केलं. युक्ती एवढीच की रुपयांना हात लावण्याआधी सगळी रक्कम पूर्ण पैशांत आणायची. जसं जुना दिवाणजी आधी सगळे पैसे मांडायचा आणि मग त्यांचे रुपये करायचा.

```
F5:  =ROUND(E5*100,0)
G5:  =QUOTIENT(F5,100)
H5:  =MOD(F5,100)
```

१२३४.३५ चे झाले १,२३,४३५ पैसे. हा पूर्णांक आहे, त्यात केसभर कमी-जास्त राहत नाही. शंभराने भाग दिला, भागाकार १२३४, बाकी ३५. ते १५८२.९९७ चे झाले १,५८,३०० पैसे, म्हणून १५८३ आणि ०. H रकान्याला TEXT नाही, नुसतं कस्टम फॉरमॅट `00` दिलं, म्हणजे दिसतं 05, पण आत पाचच राहतो आणि बेरजेत येतो. F रकाना लपवून ठेवला.

बेरीजही G आणि H ची वेगवेगळी करायची नाही. वरच्या पाच ओळींत पैशाची बेरीज २१० येते आणि ते दोन रुपये हातचे रुपयांच्या रकान्यात न्यावे लागतात. F ची बेरीज करून तिचेच दोन तुकडे केले की हातचा आपोआप सुटतो: ९,६८,११० पैसे, म्हणजे ९,६८१ आणि १०. पुढच्या पानावर ‘मागील पानावरून’ लिहितानाही हेच पैसे न्यायचे.

एक अडचण राहिली आहे. उलट नोंद म्हणून वजा रक्कम टाकली तर हे सूत्रही फसतं. उणे २५०.७५ टाकून पाहिलं, रुपये आले उणे २५० आणि पैसे २५. म्हणून आमच्याकडे वजा आकडा लिहायचाच नाही, जमा चुकली तर नावे बाजूला रक्कम लिहायची. वहीची रीत तीच आहे, त्यामुळे मला हा दोष वाटला नाही. पण ज्यांना एकाच रकान्यात अधिक-उणे ठेवायची सवय आहे त्यांनी लक्षात ठेवा.

शीटचं कौतुक करायचं तर तांबडी रेघ आणि पानाची मांडणी खरोखर देखणी आहे. लेखापरीक्षकाने पहिल्यांदा पान पाहिलं तेव्हा, हाताने आखलं का, असं विचारलं. त्या १,२०० रुपयांत मी रेघाच विकत घेतल्या असं धरून चाललोय. आठ महिन्यांची चुकीची पानं नवीन सूत्रावरून परत छापली, कागद सोसायटीचा, शाईचे पैसे माझे.

गेल्या बाजारच्या दिवशी दुकानदार भेटला. “आप्पा, ती तुमची दुरुस्त केलेली फाइल जरा पाठवा ना,” म्हणाला. मी मेंटेनन्स किती भरणार ते विचारलं.