स्वतःच्या नावावर बचत : पीपीएफ की पोस्टाची आरडी?

दहा वर्षांनी पुन्हा नोकरीला लागलेल्या मैत्रिणीला महिन्याला ५,००० रुपये बाजूला टाकायचेत, पण नोकरी टिकेल याची खात्री नाही.

खंड पडला तर? मला हाच मुद्दा सर्वात मोठा वाटतो. पीपीएफमध्ये वर्षाला ५०० रुपये भरले तरी खातं चालू राहतं. आरडीचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरलेला. चुकला की दंड, आणि चारपेक्षा जास्त चुकले की खातं बंद पडतं.

पैसे कधी मिळतात? आरडी पाच वर्षांची, तीन वर्षांनी मोडता येते, पण मग व्याज बचत खात्याच्या दराने. पीपीएफ पंधरा वर्षांचं. थोडे पैसे काढायला सातवं आर्थिक वर्ष उजाडावं लागतं.

कर? पीपीएफचं व्याज करमुक्त. नवऱ्याने दिलेल्या पैशांतून आरडी भरली, तर खातं तिचं असूनही व्याज त्याच्या उत्पन्नात धरतात. म्हणून हप्ता तिच्याच पगारातून जावा. पीपीएफ खातं संयुक्त नसतंच. आरडी उघडताना फक्त स्वतःचं नाव घालावं.

पाच वर्षांत कोर्सची फी किंवा घराचं डिपॉझिट लागणार असेल, तर आरडी. म्हातारपणासाठी आणि अनियमित कमाईला पीपीएफ.